हात चांगला आहे, पैसे कमी: संध्याकाळची गाडी जमेल का?

प्रश्न: स्वयंपाक उत्तम येतो, भांडवल अगदी थोडं. संध्याकाळी खाण्याची गाडी लावावी का? एकटीला झेपेल का?

लावा, पण फक्त वडापाव ठेवा. माझी स्वतःची गाडी आहे. दमवतं ते तळणं नाही, दुपारची तयारी. शंभर वड्यांना पाच-सहा किलो बटाटे उकडून, सोलून, गोळे वळायचे, मग चार तास उभं राहायचं. त्यामुळे सुरुवात पन्नासनेच करा. भाजी परातीत पसरून पूर्ण गार करा, गरम झाकली तर उन्हाळ्यात आंबते. जागा स्टेशनकडून घरी परतणाऱ्यांच्या बाजूची बघा; ट्रेन पकडायला धावणारा थांबत नाही. आधी दोन-तीन संध्याकाळी तिथे उभं राहून, शेजारच्या गाडीवर किती जण थांबतात ते मोजा. मात्र पालिकेचा फेरीवाला परवाना नसेल तर गाडी उचलली जाऊ शकते, तेव्हा महागडी गाडी आत्ताच बनवू नका.