'किम-स्सी' नको, 'किम छाजांगनिम' म्हणा

प्रश्न: आमच्या ऑफिसातले किम नावाचे वरिष्ठ कोरियन सहकारी ग्वाजांगचे छाजांग झाले. त्यांना 'किम-स्सी, चुखाहेयो' असा मेसेज पाठवला तर चालेल का?

अभिनंदनाचा मेसेज जरूर पाठवा, त्यात 'स्सी' मात्र ठेवू नका. नुसत्या आडनावाला 'स्सी' जोडून वरिष्ठांना हाक मारणं कोरियन कानाला सरळ उद्धट लागतं. आडनावानंतर पद आणि पदानंतर 'निम', म्हणजे 'किम छाजांगनिम', असंच म्हणायचं. कंपनीत पदं साधारण सावोन, देरी, ग्वाजांग, छाजांग, पुजांग अशी चढत जातात. बढतीचा आदेश लागू झाला की त्या दिवसापासून हाकही नव्या पदाचीच. अभिनंदन करताना जुनं 'ग्वाजांगनिम' तोंडात आलं, तर ते फार खटकतं.

'चुखाहेयो' नम्र आहे, पण बरोबरीच्या माणसाला शोभणारं. तुम्ही लिहा:

'किम छाजांगनिम, सुंगजिन चुखादुरिम्निदा.'

'सुंगजिन' म्हणजे बढती. 'दुरिदा' हे 'देणे'चं विनयाचं रूप. देणारा स्वतःकडे लहानपण घेतो आणि घेणाऱ्याला मोठेपणा देतो. शेवटचं '-म्निदा' ऐकणाऱ्याचा औपचारिक मान राखतं. अभिनंदन ही काही 'द्यायची' वस्तू नाही, म्हणून भाषाशुद्धीवाले पूर्वी 'चुखादुरिम्निदा'ला नाक मुरडत. आता राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने हे रूप मान्य केलं आहे आणि ऑफिसात सगळे तेच वापरतात. साधं 'चुखाहाम्निदा'ही चूक नाही, फक्त वरिष्ठांपुढे थोडं कोरडं वाटतं.

खरी गफलत होते ती '-शि-' या प्रत्ययात. हा प्रत्यय क्रिया करणाऱ्याला मान देतो, आपण 'साहेब आले' म्हणताना क्रियापदाला देतो तसा. म्हणून बढती मिळालेल्या माणसाबद्दल 'सुंगजिन-हाश्योत्तागो दुरोस्सुम्निदा' (आपल्याला बढती मिळाल्याचं ऐकलं) हे बरोबर, कारण 'हाश्यो'मध्ये तो '-शि-' मिसळलेला आहे. पण अभिनंदन करणारे तुम्ही. तिथे आदर वाढवायच्या भरात 'चुखाहाशिम्निदा' लिहिलंत, तर मान तुमच्याच वाट्याला येतो! नवशिके हीच चूक करतात, कारण त्यांना वाटतं की जितके जास्त प्रत्यय तितका जास्त आदर. '-शि-' लावण्याआधी वाक्यातला कर्ता कोण, एवढंच बघा.

'सुगोहाश्योस्सुम्निदा' (कष्ट घेतलेत) हे वाक्य वरिष्ठांना उद्देशून वापरणं जुन्या पिढीला अजून रुचत नाही. त्याऐवजी 'अफुरोदो मानुन कारुछिम पुताक्दुरिम्निदा' (पुढेही आपलं भरपूर मार्गदर्शन मिळावं) जोडा, ते छान दिसतं.

काही कंपन्यांनी पदाने हाक मारायची पद्धत सोडून दिली आहे. सीजे समूहाने तर २००० साली सगळ्यांसाठी नावापुढे 'निम' सुरू केलं. तुमच्याकडेही तसंच असेल, तर 'छाजांग' गाळा आणि पूर्ण नावाला 'निम' लावा. त्यांच्या मेलखालची सही आणि बाकीचे कोरियन सहकारी त्यांना काय म्हणतात, यावरून ते लगेच कळेल.