अर्ध्या महिन्याचा पगार कसा काढतात?

प्रश्न: मी १७ जूनला नोकरीवर रुजू झालो. महिन्याचा पगार ३६,००० आहे, तर जूनचे किती मिळायला हवेत?

उत्तर: बहुतेक कंपन्या महिन्याचे एकूण दिवस धरतात. १७ ते ३० म्हणजे १४ दिवस, कारण रुजू झालेला दिवसही मोजतात.

३६,००० ÷ ३० × १४ = १६,८००

ही कपातीआधीची रक्कम. पीएफ या कमी झालेल्या मूळ पगारावर कापतात.

चूक होते ती रविवारांत. भागताना ३० आणि मोजताना रविवार वगळून १२ दिवस धरले, तर हातात १४,४०० च येतात. हे सरळ नुकसान आहे. रविवार वगळायचे तर दोन्हीकडे वगळा. स्लिपवरचे 'पेड डेज' १४ आहेत का, आधी तेच बघा.

नोकरी सोडतानाही हाच हिशेब, शेवटचा कामाचा दिवस धरून. शिल्लक रजेचे पैसे मात्र वेगळे येतात.