मस्करीच केली होती, मग ती एवढी का दुखावली?

प्रश्न: वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहिनीच्या दातांवरून मीम टाकला. तेव्हा तीही हसली. आता बोलत नाही. एवढं काय झालं?

उत्तर: हसली म्हणजे आवडलं असं नव्हे. चारचौघांत रागावली असती तर "हिला मस्करी कळत नाही" हे वर ऐकावं लागलं असतं, म्हणून माणूस हसून वेळ मारून नेतो.

मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये थट्टेवरच अभ्यास केला. थट्टा करणाऱ्याला आपला हेतू ठाऊक असतो, म्हणून ती त्याला सौम्य वाटते. ऐकणाऱ्याला हेतू दिसत नाही, फक्त शब्द दिसतात.

समजा, गणपतीतल्या फोटोतून दात कापून स्टिकर केला, खाली "खवणी नको, वहिनीक बोलवा". तुम्ही एकदाच टाकलात. पण मुंबईचे चाकरमानी तोच नारळाच्या, मोदकांच्या प्रत्येक फोटोखाली डकवणार. तुमचा एक विनोद, तिला वर्षभर तेच. पुढच्या आरतीला ती तोंडावर पदर धरून उभी राहिली, ग्रुप फोटोत मागे सरकली, की समजा लागलंय.

तुमचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी इतरांनी सेव्ह केलेला स्टिकर राहतोच. तो काढायला ग्रुपवर तुम्हीच सांगा, तिला सांगायला लावू नका. आणि माफी मागताना "मस्करीत" हा शब्द गाळा.