उताऱ्यातील गाळलेल्या शब्दासाठी पर्याय कसे निवडावेत?

प्रश्न : मी आठवीला इंग्रजी शिकवते. उताऱ्यातील शब्द गाळून चार पर्याय देते, पण मुले एकतर सहज ओळखतात, नाहीतर दोन उत्तरे बरोबर असल्याचे सांगून वाद घालतात. चूक कुठे होते?

उत्तर : चूक बहुधा पर्यायांत नसून उताऱ्यात असते. गाळलेले शब्द भरायची ही क्लोझ चाचणी विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडली ती मजकूर किती वाचनसुलभ आहे हे मोजण्यासाठी, आणि त्यासाठी ठरावीक अंतराने येणारा शब्द गाळला जाई. शब्दसंग्रह तपासताना मात्र ज्याचा पुरावा उताऱ्यातच सापडतो, असाच शब्द आपण निवडून गाळायला हवा.

माझाच एक फसलेला प्रश्न सांगतो. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवरील उताऱ्यात मी लिहिले होते : ‘बिकॉज ऑफ हेवी रेन, द फेरी वॉज ____.’ पर्याय होते डिलेड, कॅन्सल्ड, डॅमेज्ड आणि अराइव्ह. ‘वॉज’नंतर ‘अराइव्ह’ बसत नाही, त्यामुळे तो पर्याय अर्थ न कळताही गळत होता. उरलेले तिन्ही मात्र चालत होते. मग मी पुढे ‘इट रीच्ड चोडण फॉर्टी मिनिट्स लेट’ हे वाक्य जोडले. त्याने ‘कॅन्सल्ड’ बाद झाला, तरी एका मुलीने विचारलेच, “टीचर, फेरी मोडली म्हणूनच उशिरा पोचली असेल ना?” तिचे बरोबर होते, आणि मला दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागले.

शेवटी वाक्य असे झाले : ‘इट रीच्ड चोडण फॉर्टी मिनिट्स लेट, अ‍ॅज फुल अ‍ॅज एव्हर.’ पर्याय ठेवले डिलेड, कॅन्सल्ड, अव्हॉइडेड आणि प्रिव्हेंटेड. चारही एकाच रूपातील क्रियापदे असल्यामुळे व्याकरणाच्या आधारे कोणताही गळत नाही. बोट पोचली, म्हणून ‘कॅन्सल्ड’ नाही; ती नेहमीसारखी भरलेली होती, म्हणून लोकांनी ती टाळली असे म्हणता येत नाही. ‘प्रिव्हेंटेड’ मी मुद्दाम घेतला, कारण ‘पावसाने फेरी अडवली’ असे मनात मराठीतून जुळवणारा विद्यार्थी तोच निवडतो, पण इंग्रजीत बोटीबद्दल असे म्हणत नाहीत. असा पर्याय शब्दकोशात शोधून मिळत नाही. तो मुलांच्या निबंधांच्या वह्यांत मिळतो.

पेपर देण्यापूर्वी पर्याय झाकून उतारा दोन सहकाऱ्यांना भरायला द्यावा. त्यांनी आपल्या उत्तराला समानार्थी शब्द लिहिला तर हरकत नाही, पण वेगळ्याच अर्थाचा लिहिला तर पुरावा अपुरा आहे. मग पर्याय देऊन फक्त रिकाम्या जागेचे वाक्य मुलांपैकी तिघाचौघांना दाखवावे. एवढ्यावरच सगळ्यांचे उत्तर बरोबर आले, तर उतारा नुसता शोभेला आहे.

तपासताना प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला हे मोजावे. ज्याला कोणीच शिवले नाही, तो पुढच्या वेळी बदलावा. वर्गातील हुशार मुलेच एखाद्या चुकीच्या पर्यायाकडे वळली असतील, तर त्यांना दोष देण्याआधी आपला उतारा पुन्हा वाचावा. एवढे करूनही या प्रश्नातून मुलाला शब्द ओळखता येतो इतकेच कळते. तो स्वतःहून वापरता येतो का, हे पाहायला त्याच उताऱ्यावर एक वाक्य लिहायला सांगावे लागते.