सेकंडरी स्पर्मॅटोसाइट स्लाइडवर सापडत का नाही?

प्रश्न: फोंड्याला बी.एस्सी. झूलॉजी करते. उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, वृषणाची स्लाइड बघताना पुस्तकातल्या आकृतीसारखं काहीच दिसत नाही. प्रत्येक नळी वेगळी, काहींत शुक्राणूच नाहीत आणि सेकंडरी स्पर्मॅटोसाइट तर कुठेच नाही. स्लाइड खराब आहे का?

उत्तर:

मी गोव्यातच झूलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतो. जूनपासून हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा दोष स्लाइडला दिला जातो, नाहीतर पावसाळ्यात लेन्सवर धरलेल्या बुरशीला. तुमची स्लाइड बहुधा ठीक आहे. गोंधळ घालते ती पुस्तकातली आकृती. स्पर्मॅटोगोनियापासून शुक्राणूपर्यंत सगळ्या पेशी तिथे एकाच नळीत ओळीने मांडलेल्या असतात. उंदराच्या खऱ्या नळीत त्या एकाच वेळी कधीच नसतात.

तळाच्या पेशींपासून शुक्राणू तयार व्हायला उंदरात जवळपास दोन महिने लागतात, पण नळीच्या एकाच जागी नवी तुकडी साधारण तेरा दिवसांनी निघते. पणजीहून सुटलेली बस मडगावला पोचायच्या आत मागून दुसरी, तिसरी सुटलेली असते, तसंच. त्यामुळे एका जागी चार-पाच तुकड्या एकावर एक दिसतात. त्या ठरलेल्याच जोड्यांनी येतात आणि अशा १४ जोड्यांना १४ स्टेजेस म्हणतात. उंदरात नळीचा आडवा छेद बहुधा सगळा एकाच स्टेजचा असतो, म्हणून शेजारची नळी वेगळी दिसते. माणसात मात्र सहा स्टेजेस असतात आणि एकाच छेदात त्यांचे तुकडे मिसळलेले असतात. तशी स्लाइड आणखीच गोंधळाची वाटते.

स्टेज ओळखायची सोपी युक्ती: स्पर्मॅटिड्सच्या पिढ्या मोजा. आतल्या पोकळीकडे लांबट, काळपट डोक्यांच्या आणि त्यांच्याखाली गोल, फिकट केंद्रकांच्या, अशा दोन पिढ्या असतील तर ती नळी स्टेज १ ते ८ मधली. आठव्याच्या शेवटी शुक्राणू पोकळीत सुटतात. त्यानंतर ९ ते १४ मध्ये एकच पिढी उरते, तीही नुकती लांबट होऊ लागलेली. तुम्हाला ‘शुक्राणू नसलेल्या’ वाटल्या त्या नळ्या याच असणार. त्या रिकाम्या नाहीत, आधीची तुकडी नुकती निघून गेलेली असते.

आता सेकंडरी स्पर्मॅटोसाइट. प्रायमरी स्पर्मॅटोसाइटचं पहिलं विभाजन व्हायला सुमारे तीन आठवडे जातात, म्हणून मोठ्या केंद्रकाच्या, दोऱ्यांसारख्या क्रोमॅटिनच्या त्या पेशी जवळजवळ प्रत्येक नळीत मिळतात. त्यानंतरची सेकंडरी मात्र दिवसभरही टिकत नाही. दोन विभाजनांच्या मध्ये डीएनएची नवी प्रत करायची नसते, त्यामुळे ती थांबत नाही, लगेच विभागून गोल स्पर्मॅटिड्स होते. हे सगळं फक्त स्टेज १४ मध्ये घडतं.

म्हणून सेकंडरी शोधायला सेकंडरी शोधू नका, विभाजन शोधा. लो पॉवरवर नीट गोल कापलेल्या नळ्या निवडा. तिरप्या कापलेल्यांत थर फसवतात. त्यांतल्या ज्या नळीत मधल्या थरात गडद, आडव्या पट्टीसारखे मेटाफेज बरेच दिसतात, तिथे ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर जा. आतल्या बाजूला बारीक, काळ्या, वाकड्या डोक्यांची एकच लांबट पिढी असली की स्टेज १४ नक्की. त्याच मेटाफेजच्या शेजारी गोल केंद्रकाच्या, प्रायमरीपेक्षा लहान पण गोल स्पर्मॅटिडपेक्षा मोठ्या पेशी मिळाल्या तर त्या सेकंडरी. मिळाल्या नाहीत तर स्लाइड थोडी सरकवा. एकाच छेदात त्या नसणं अगदी साहजिक आहे.

तळाशी एक फिकट, वेड्यावाकड्या कडांचं, ठळक न्यूक्लिओलसचं केंद्रक दिसेल. ते सर्टोली पेशीचं. ती विभागत नाही, बाकीच्यांना धरून ठेवते. नवशिके तिला हमखास स्पर्मॅटोगोनियम समजतात.

स्लाइड खरोखर बिघडलेली असेल तर खूण वेगळी असते. सगळ्याच नळ्यांत थर तळापासून सुटून मध्ये फट पडली असेल आणि पोकळीत गोल पेशींचा चुरा असेल, तर फिक्सिंग किंवा कापताना दाबण्याचा दोष समजा. साध्या फॉर्मालिनमध्ये वृषण असं आकसतं, म्हणून बूइन्सचं द्रावण वापरतात. पण काही नळ्या भरलेल्या आणि काही रिकाम्या वाटत असतील, तर जर्नलमध्ये दोन नळ्या शेजारी-शेजारी काढा, एक आठव्या आणि एक चौदाव्या स्टेजची, आणि खाली स्टेज लिहा.