बावीस टँकर

"काम सगळं मी करतो, पण बैठकीला बोलावणं दुसऱ्याला येतं. माझ्या टिपण्या शेरे मारून परत येतात. चाळिशी उलटली, आता भाषा कुठून सुधारणार?"

कामातलं लिहिणं-बोलणं सुधारायला माझ्याकडे येणारे असं म्हणतात. त्यांना मी सांगते, भाषा राहू द्या, परत आलेला एखादा कागद घेऊन या. ग्रामीण पाणीपुरवठ्यातले एक शाखा अभियंता तसा कागद घेऊन आले. तीन पानं. सुरुवात योजनेच्या मंजुरीपासून, मग दुरुस्त्यांचा सगळा इतिहास, शेवटी 'उचित निर्णयास्तव सादर'. वर शेरा : 'चर्चा करावी.'

"साहेबांनी नेमकं काय करायचंय?"

"नवा पंप मंजूर करायचाय."

"आणि नाही केला तर?"

"चार हजारांचं गाव आहे, मॅडम. माणशी ५५ लिटर धरलं तरी दिवसाला २ लाख २० हजार लिटर पाणी लागतं. दोनपैकी एक पंप जळालाय. उरलेलाही गेला, तर दहा हजार लिटरचे २२ टँकर रोज."

हिशेब तोंडपाठ होता. कागदावर टँकरचं नावही नव्हतं. का नाही लिहिलं, असं विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "इतिहास लिहिला की उद्या चौकशीत मी सुटतो. टँकर लिहिले आणि लागलेच नाहीत, तर मलाच विचारतील."

अडचण भाषेची नव्हतीच. ती तीन पानं त्यांनी स्वतःच्या बचावासाठी लिहिली होती, वाचणाऱ्यासाठी नाही. हे पकडता आलं, याचं मला आजही समाधान वाटतं. भीती जायची वाट बघू नये, आधी छोटी कृती करावी, भीती मागाहून ओसरते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून त्यांचा बचाव मी काढून घेतला नाही. इतिहास जसाच्या तसा जोडपत्रात गेला. टिपणीच्या पहिल्या वाक्यात मागणी, खर्च आणि कधीपर्यंत निर्णय हवा ती तारीख आली. दुसऱ्या वाक्यात 'उरलेला पंप बंद पडल्यास' २२ टँकर. त्या 'पडल्यास'मध्ये त्यांचं संरक्षण होतं आणि अंदाजही प्रामाणिक राहत होता.

बोलण्यातही तेच. प्रश्न आला की ते "त्याचं असं आहे साहेब" म्हणून योजनेच्या जन्मापासून सुरू करत. मग आम्ही फोनवर उत्तरं रेकॉर्ड करायला लागलो. पहिल्या वाक्यात होय, नाही किंवा तारीख. कारण साहेबांनी विचारलं तरच. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की माणूस माझ्यापेक्षा कडक परीक्षक होतो. एक ग्राफिक डिझायनरही अशीच ग्राहकाला आधी मेहनत सांगायची. डिझाइन कुठे, कुणाला दिसणार, हे शेवटी.

सरकारी खात्यात बढती बहुतेक सेवाज्येष्ठतेनंच होते, ती यानं लवकर मिळत नाही. ज्याला निर्णयच घ्यायचा नाही, तो अधिकारी नेटका कागदही अडवतो. पण या अभियंत्यांच्या पुढच्या टिपणीवर शेरा आला : 'दरपत्रके जोडावीत.' आणि आढावा बैठकीत योजनेची माहिती द्यायला त्यांनाच बोलावलं.