ही गोळी तोंडाची नाही: सपोझिटरी, पेसरी आणि योनीमार्गातील गोळ्यांविषयी प्रश्नोत्तरे

सपोझिटरी आणि पेसरी एकच का?

नाही. सपोझिटरी बहुधा गुदमार्गात ठेवतात आणि पेसरी योनीमार्गात. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीत डॉक्टर जी कडी बसवतात तिलाही पेसरीच म्हणतात. ते औषध नव्हे.

पाकिटावरून ओळखायचे कसे? सगळे इंग्रजीतच असते.

नावाशेजारी ‘व्हजायनल टॅबलेट’, ‘पेसरी’ किंवा ‘सपोझिटरी’ असे शब्द असतात, आणि बहुधा ‘फॉर व्हजायनल यूज ओन्ली’ किंवा ‘फॉर रेक्टल यूज ओन्ली’ अशी सूचनाही असते. पहिलीचा अर्थ फक्त योनीमार्गासाठी, दुसरीचा फक्त गुदमार्गासाठी. सपोझिटरी एका टोकाला निमुळती असते आणि बहुधा तिच्याच आकाराच्या प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या साच्यात बंद असते. योनीमार्गातील गोळीच्या खोक्यात पुष्कळदा प्लास्टिकची नळी, म्हणजे ॲप्लिकेटर, असतो. मात्र आकारावर विसंबू नये, कारण यांतल्या कित्येक गोळ्या साध्या पांढऱ्या गोळीसारख्याच दिसतात.

मला खरी काळजी आहे ती खोके फेकून पट्टी कात्रीने कापून देण्याच्या पद्धतीची. परभणीकडच्या एका गावातील बाई काही दिवसांपूर्वी माझ्या औषध दुकानात आल्या. अंगावरून पांढरे जाणे आणि खाज यांसाठी डॉक्टरांनी त्यांना क्लोट्रिमाझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या योनीमार्गातील सहा गोळ्या लिहून दिल्या होत्या, सहा रात्री रोज एक. दुसऱ्या एका दुकानदाराने खोके काढून टाकले, पट्टी दोन तुकड्यांत कापली आणि कागदी पुडीवर ‘रोज रात्री १’ एवढेच लिहिले. बाईंनी चार गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. मळमळ सुरू झाली, खाज तशीच राहिली, तेव्हा ‘औषध लागू पडत नाही, दुसरे द्या’ म्हणून त्या माझ्याकडे आल्या. हातातल्या तुकड्यावर औषधाच्या नावाची शेवटची चार अक्षरे तेवढी उरली होती. ‘व्हजायनल’ हा शब्द कात्रीने दुसऱ्या तुकड्यावर गेला होता आणि मुदतीची तारीखही त्यावरच होती. मी दुसरे औषध दिले नाही, त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवले. त्यांनी तपासून उपचार पहिल्या रात्रीपासून पुन्हा सुरू केले. अशा वेळी दुकानदाराला लाजू नये. अख्खे खोके, आतला कागद आणि नळी मागून घ्यावी, आणि ‘खालून ठेवायची’ हे शब्द पुडीवर त्याच्याकडूनच लिहून घ्यावेत. गरोदर बाईने नळी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

शेजारीण म्हणते, गिळली तरी औषध रक्तातून तिथे पोचतेच. खरे आहे का?

शेजारणीचे ऐकू नका. ही गोळी ज्या जागी ठेवतात तिथेच विरघळून काम करावी अशी बनवलेली असते. क्लोट्रिमाझोल गिळल्यास पोटातून नीट शोषले जात नाही, जे जाते त्याचे यकृत लवकर विघटन करते, आणि योनीमार्गातील बुरशीपर्यंत पुरेसे औषध पोचतच नाही; आजार तसाच राहतो, वर पोटाला त्रास होतो. योनीमार्गासाठी दिलेली बोरिक ॲसिडची कॅप्सूल गिळणे तर विषबाधेचे कारण ठरते, म्हणून ती मुलांच्या हाती लागेल अशी कधीही ठेवू नये.

चुकून गिळली तर?

उलटी करवू नका. किती गोळ्या, किती वाजता हे लक्षात ठेवा आणि पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मूल असेल, गरोदर बाई असेल, बोरिक ॲसिड असेल, किंवा उलट्या, गुंगी वा श्वासाचा त्रास दिसला तर थांबू नका, १०८ ला फोन करा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात मोलाचे तास जातात.

सपोझिटरी पाकिटासकट ठेवायची असते का?

नाही. साचा पूर्ण सोलून काढावा.

उन्हाळ्यात सपोझिटरी मऊ पडली. वापरू का?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि बऱ्याच सपोझिटरी शरीराच्या उष्णतेला वितळतील अशाच बनवलेल्या असतात. नुसती मऊ झाली असेल तर पाकिटासकट थोडा वेळ थंड पाण्यात धरावी. पूर्ण वितळून आकार बिघडला असेल तर वापरू नये, दुकानदाराला दाखवून दुसरी घ्यावी.

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल मैत्रिणीला गिळायला सांगितली आणि मला खालून ठेवायला. कोणाचे चुकले?

बहुधा कोणाचेच नाही. प्रोजेस्टेरॉनच्या काही मऊ कॅप्सूल डॉक्टर दोन्ही मार्गांनी देतात, त्यामुळे इथे नुसते पाकीट वाचून भागत नाही. मार्ग बदलला की शरीरावरचा परिणाम बदलतो. गिळल्यास गुंगीही जास्त येऊ शकते. मैत्रिणीचे पाहून बदल करू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘तोंडाने’ किंवा ‘योनीमार्गात’ असे स्पष्ट लिहून घ्या आणि तीच चिठ्ठी औषध घेताना दुकानदाराला दाखवा.